तळ चामडी की रबरी?

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका छोट्या चप्पल कारखान्याचे चलान समोर आहे. बॉलपेनने लिहिलेल्या तीन ओळी आणि खाली सही. ‘जेंट्स कापशी गोंडा, ६ कोडी.’ ‘लेडीज वेणी साधी, १२ डझन.’ ‘लेडीज वेणी रबरी, १९२ नग.’ माल अमेरिकेत न्यू जर्सीला जायचा आहे. कारखान्यात या तीन ओळी वाचून कोणीही बरोबर माल काढून देईल, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही रोज त्याच चपला हाताळतात. अडचण सुरू होते ती हे चलान कारखान्याच्या दाराबाहेर पडल्यावर.

(खेप कोणाची हे कळू नये म्हणून आकडे आणि कोड बदलले आहेत. बाकी घडले ते असेच.)

या चलानाचे दोन वेगवेगळ्या माणसांनी इंग्रजी केले. इन्व्हॉइस निर्यातदाराच्या ऑफिसात तयार झाले. तिथल्या मुलाने पहिल्या ओळीचे ‘जेंट्स लेदर चप्पल विथ टॅसल’ केले, दुसरीचे ‘लेडीज ब्रेडेड सँडल्स’ आणि तिसरीचे ‘लेडीज ब्रेडेड सँडल्स, रबर सोल’. पॅकिंग लिस्ट गोदामात झाली. माल बांधणाऱ्याने प्रत्येक खोक्यात काय भरले ते आधी मराठीत लिहून ठेवले होते आणि त्यावरून दुसऱ्याच कोणी इंग्रजी केले. तिथे पहिली ओळ ‘मेन्स स्लिपर्स’ झाली, दुसरी ‘लेडीज लेदर चप्पल’ आणि तिसरी ‘लेडीज रबर चप्पल’. एकूण संख्या इन्व्हॉइसवर ३६० होती, पॅकिंग लिस्टवर ४५६. एकाने नगांचे जोड केले होते, दुसऱ्याने नग तसेच ठेवून बेरीज मारली होती.

दोन्ही कागद वेगवेगळे वाचले तर कुठेही खोटे काही नाही. एकत्र ठेवले की मात्र वाचणाऱ्याला वाटते, या दोन निरनिराळ्या खेपा आहेत. आणि हे कागद एकत्रच वाचले जातात.

तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करू, कारण पैसा तिथे अडकतो. ‘रबरी’ हा कारखान्यातला सोयीचा शब्द. वेणीची चप्पल, पट्टे चामड्याचे, अंगठा चामड्याचा, फक्त खाली रबराची पातळ शीट चिकटवलेली. शहरातल्या फरशीवर चामड्याचा तळ घसरतो आणि पावसात भिजून फुगतो, म्हणून गिऱ्हाईक रबर मागू लागले. कारागिराच्या दृष्टीने ती तीच चप्पल, तळाला रबर लावलेली. ‘लेडीज रबर चप्पल’ वाचणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र बाथरूममध्ये घालायची रबरी स्लिपर येते. जगभरच्या जकात वर्गीकरणात तिचे घरच वेगळे आहे. वरचा भाग आणि तळ दोन्ही रबराचे किंवा प्लास्टिकचे असतील तर ती ६४०२ या शीर्षकात जाते. वरचा भाग चामड्याचा असेल तर ६४०३. वरचा भाग कापडाचा असेल तर ६४०४.

कोल्हापुरीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची जागा ६४०३ च्या आत आहे. ६४०३.२० या उपशीर्षकाचे वर्णन वाचताना कोणीतरी कोल्हापुरी चप्पल समोर ठेवूनच ते लिहिले असावे असे वाटते. बाहेरचा तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूवरून जाणारे आणि अंगठ्याभोवतीचे चामड्याचे पट्टे. अमेरिकेच्या जकात वेळापत्रकात या उपशीर्षकाचा मूळ दर शून्य आहे. तळ रबराचा झाला की तीच चप्पल इथून उठते आणि ६४०३.९९ मध्ये जाते. तिथे पुरुषांच्या पादत्राणांवर मूळ दर साडेआठ टक्के आहे आणि जोडी अडीच डॉलरच्या वरची असेल तर बायकांच्या पादत्राणांवर १० टक्के. २०२५ पासून भारतीय मालावर अमेरिकेने लावलेले आणि सतत बदलत राहिलेले जादा शुल्क यात धरलेले नाही. तो हिशेब निराळा, आणि तो खेप निघेल त्या दिवशीच करावा लागतो.

आता हेच आपल्या खेपेला लावून पाहू. जेंट्स कापशी १२० जोड, जोडीला १६ डॉलर, म्हणजे १९२० डॉलर. लेडीज वेणी चामडी तळाची १४४ जोड, १४ डॉलरने २०१६. रबर तळाची ९६ जोड, १५ डॉलरने १४४०. नीट वर्णन केले तर मूळ जकात फक्त शेवटच्या ओळीवर बसते, १४४ डॉलर. इन्व्हॉइसवर मात्र पहिल्या दोन ओळींत तळ कशाचा हे लिहिलेच नव्हते. ‘लेडीज ब्रेडेड सँडल्स’ एवढ्यावरून तिकडचा ब्रोकर काय ठरवणार? त्याने शंका आली म्हणून सगळी खेप ६४०३.९९ मध्ये टाकली, तर जेंट्सवर १६३ डॉलर २० सेंट आणि लेडीज चामडीवर २०१ डॉलर ६० सेंट, असे ३६४ डॉलर ८० सेंट विनाकारण जातात. एवढ्या लहान खेपेत हा बहुतेक नफाच. उलट त्याने सगळेच ६४०३.२० मध्ये दाखवले आणि तपासणीत रबर तळाचे खोके उघडले गेले, तर कमी जकात भरल्याचा ठपका आयातदारावर येतो. पुढच्या वेळी तो आयातदार दुसऱ्या पुरवठादाराकडे जातो.

म्हणजे अनुवाद करणाऱ्याच्या एका वगळलेल्या शब्दावर एवढे अवलंबून आहे. तो शब्द चलानात नव्हताच, कारण ‘साधी’ म्हटले की चामडी तळ हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असते. चलानात जे लिहिलेले नाही पण वस्तूत आहे, ते इंग्रजी वर्णनात यावे लागते. शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही, आणि कोशात शोधूनही होत नाही. चप्पल उलटी करून पाहावी लागते.

कोल्हापुरात निर्यातदारांचे कागद इंग्रजीत करून देणाऱ्या एक ताई आहेत. वर सांगितलेल्या घोळानंतर हे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी पहिली अट घातली ती नमुना हातात देण्याची. “चलान नंतर द्या, आधी प्रत्येक प्रकारचा एकेक जोड द्या,” असे त्यांनी निर्यातदाराला सांगितले आणि ते जोड घेऊन त्या कारखान्यात गेल्या. तिथल्या वयस्क कारागिराला त्या मामा म्हणतात. मामांना विचारायचे प्रश्न ताईंनी आधीच लिहून ठेवले होते. तळ कशाचा? रबर असेल तर पूर्ण तळाला की फक्त टाचेला? पट्ट्यात कापड आहे का? वेणी चामड्याची की रेक्झिनची?

टाचेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण वर्गीकरणाच्या प्रकरण ६४ ची चौथी टीप त्याचे उत्तर मागते. बाहेरच्या तळाचे साहित्य कोणते, हे जमिनीला टेकणाऱ्या भागात ज्याचे क्षेत्रफळ सगळ्यात जास्त त्यावरून ठरते. खिळे, पट्ट्या असल्या जोडकामाचा विचार त्यात करत नाहीत. तेव्हा चामड्याच्या तळाला फक्त टाचेखाली रबराचा तुकडा मारला असेल तर जमिनीला टेकणारा मोठा भाग चामड्याचाच राहतो आणि तळ चामडी ठरतो. पूर्ण शीट चिकटवली असेल तर, आत चामड्याचे कितीही थर असले तरी, तळ रबरी. कारखान्यात दोन्हींना ‘रबर लावलेली’ म्हणतात. मामांनी चप्पल पालथी करून रबराच्या कडेवरून बोट फिरवले आणि दाखवले की शीट पुढच्या टोकापर्यंत गेलेली आहे. तिसऱ्या ओळीचा निकाल तिथेच लागला.

वरच्या भागालाही हीच टीप लागू होते. बाहेरून दिसणाऱ्या पृष्ठभागात जे साहित्य जास्त, त्यावरून वरचा भाग ठरतो आणि शोभेची जोडकामे, बक्कल, किनार वगैरे बाजूला ठेवायची. म्हणून कापशीचा गोंडा किंवा पट्ट्यावरची जरीची बारीक नक्षी वर्गीकरण बदलत नाही. ती इंग्रजी वर्णनात आली तरी चालते, न आली तरी चालते. पण ‘विथ टॅसल’ लिहायला जागा केली आणि तळाचे साहित्य लिहायला जागा राहिली नाही, असे होता कामा नये. पहिल्या इन्व्हॉइसवर नेमके तेच झाले होते. दिसायला ठळक ते लिहिले गेले आणि जकात ठरवणारे राहून गेले.

अमेरिकेला पादत्राणे पाठवताना ही माहिती तशीही द्यावीच लागते. तिथल्या कस्टम्सच्या नियमांत ६४०१ ते ६४०५ मधल्या पादत्राणांच्या इन्व्हॉइससाठी वेगळी मागणी आहे. उत्पादकाचा स्टाइल नंबर, वरच्या भागाच्या बाह्य पृष्ठभागात चामडे किती टक्के, रबर किंवा प्लास्टिक किती, कापड किती, आणि तळाचेही तसेच टक्के. हा तपशील आयातदार मागतो तेव्हा बरेच निर्यातदार अंदाजाने आकडे लिहून पाठवतात. ताईंनी ते कारखान्यात बसून, चप्पल समोर ठेवून घेतले.

मग त्यांनी एक वही केली. आधी खरोखरची कागदी वही होती, नंतर संगणकावर आली. प्रत्येक प्रकाराला एक कोड, त्यापुढे कारखान्यात चालणारी सगळी नावे, आणि शेवटी इंग्रजी वर्णन, जे एकदा ठरले की कोणी हात लावायचा नाही. या खेपेच्या तीन ओळी अशा ठरल्या:

```
KK-01 | Men's sandals, Kolhapuri chappal, leather straps across instep and around big toe, outer sole leather | PRS
LV-01 | Women's sandals, Kolhapuri chappal, leather straps across instep and around big toe, outer sole leather | PRS
LV-02 | Women's sandals, Kolhapuri chappal, leather straps across instep and around big toe, outer sole rubber | PRS
```

या ओळी रुक्ष आहेत आणि त्या तशाच हव्यात. आधी कोणासाठी, मग वस्तू काय, मग तिचे चालू नाव, मग वरचा भाग, शेवटी तळ. पट्ट्यांचे वर्णन वेळापत्रकातल्या शब्दांनीच केले आहे, म्हणजे तिकडच्या ब्रोकरला ते ताडून पाहायला डोके खाजवावे लागत नाही. दुसरी आणि तिसरी ओळ फक्त शेवटच्या शब्दात वेगळी आहे. तो शब्द मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण खोक्यावरच्या लेबलावर आणि पॅकिंग लिस्टच्या रकान्यात नजर आधी शेवटाकडे जाते आणि भरणाऱ्याची चूक तिथे लगेच पकडता येते. ओळीच्या शेवटी असलेले PRS म्हणजे जोड. आपल्या जीएसटीच्या बिलात आणि शिपिंग बिलात एककाचा हाच कोड टाकावा लागतो, म्हणून तोही वहीतच बसवला. कोडी, डझन आणि नग हे कारखान्यापुरते राहिले. ६ कोडी म्हणजे १२० जोड, १२ डझन म्हणजे १४४ जोड, १९२ नग म्हणजे ९६ जोड. मात्र कोडी आणि डझन जोडांचे आणि नग सुट्या चपलांचे, हे कारखान्यात विचारल्याशिवाय कागदावरून कळत नाही. दुसऱ्या कारखान्यात ‘नग’ म्हणजेच जोड असतो.

‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाचे इंग्रजी करायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले. हे भौगोलिक मानांकन मिळालेले नाव आहे. २०१९ मध्ये ते मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. नोंदणीत आहे त्याच स्पेलिंगने ते प्रत्येक कागदावर जायला हवे. मी पाहिलेल्या जुन्या इन्व्हॉइसांवर ‘कोलापुरी’ होते, ‘कोल्हापुर टाइप’ होते, एका ठिकाणी नुसतेच ‘एथनिक सँडल्स’ होते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधल्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नुसत्या ‘लेदर सँडल्स’ म्हणून सादर झाल्या तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला आणि तो योग्यच होता. पण आपणच आपल्या इन्व्हॉइसवर हे नाव गाळत असू किंवा तीन तऱ्हांनी लिहीत असू, तर परदेशातल्या कागदांत ते टिकणार कसे, हा प्रश्नही आपल्यालाच विचारायला हवा. उलट बाजूनेही काळजी हवी. मानांकनाच्या जिल्ह्यांबाहेर यंत्रावर केलेल्या चपलेला हे नाव वर्णनात लावणे चूक आहे, आणि गिऱ्हाईक मागतो म्हणून अनुवादकाने ते टाकू नये.

असा मोह आणखी काही शब्दांचा होतो. चलानात नसलेले ‘जेन्युइन’, ‘हँडमेड’, ‘प्युअर’ असे शब्द इंग्रजीत आपोआप येऊन बसतात, कारण इंग्रजी कागद भारदस्त दिसावा असे वाटते. कस्टम्सचे वर्णन ही जाहिरात नव्हे. त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द हा दावा असतो आणि तो मालावर तपासता येतो. जनावराचे नावही असेच जपून लिहावे लागते. कोल्हापुरीच्या तळाला बहुतेक म्हशीचे चामडे असते. अनुवादकाने नुसते ‘बफेलो’ लिहिले तर अमेरिकेतला वाचक रानटी बायसन समजतो आणि वन्यजीवांच्या परवानगीचे प्रश्न सुरू होतात. आयातदाराने जनावर विचारलेच तर ‘वॉटर बफेलो’ लिहायचे, नाहीतर वर्णनात जनावर आणायचेच नाही. या खेपेत ते आणले नाही.

वहीतल्या ओळी ठरल्यावर पॅकिंग लिस्टचा अनुवाद करायची गरजच उरली नाही. गोदामातला माणूस आता खोक्यावर फक्त कोड आणि जोडांची संख्या लिहितो. खोक्यात २४ जोड, म्हणजे KK-01 ची ५ खोकी, LV-01 ची ६, LV-02 ची ४, एकूण १५. नंबरांची फोड त्याच रकान्यात. वर्णन कोडावरून उचलले जाते, टाइप केले जात नाही. पुन्हा टाइप करणे हेच बहुतेक फरकांचे मूळ असते. ‘आउटर सोल’ एका कागदावर दोन शब्दांत, दुसऱ्यावर जोडून, तिसऱ्यावर नुसता ‘सोल’, आणि हळूहळू तळ गायबच.

वजन हा या सगळ्याचा दुसरा साक्षीदार आहे, आणि त्याचा उपयोग फार कमी जण करतात. चामडी तळाचा बायकांचा जोड साधारण अर्धा किलो भरला, रबर तळाचा साडेपाचशे ग्रॅम. म्हणजे LV-01 च्या खोक्याचे निव्वळ वजन १२ किलो आणि LV-02 चे १३ किलो २०० ग्रॅम यायला हवे. पहिल्या वेळच्या पॅकिंग लिस्टमध्ये बायकांच्या दहाही खोक्यांना एकच वजन लिहिले होते, एक खोके वजनकाट्यावर ठेवून बाकीच्यांना तेच. तपासणी करणाऱ्याला यावरूनच कळते की कागद माल पाहून केलेला नाही. आता प्रत्येक खोके वेगळे तोलले जाते. मध्यंतरी एका LV-01 च्या खोक्याचे वजन जास्त आले म्हणून ते उघडले, तर आत रबर तळाचे जोड मिसळले होते. खोके कोल्हापुरातच उघडले म्हणून निभावले.

न्हावा शेवा असो की सहारचे एअर कार्गो, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट सीएचएकडे जातात आणि तो त्यावरून शिपिंग बिल भरतो. कागद ई-संचितवर चढतात. कस्टम्स कायद्याच्या कलम ५० प्रमाणे शिपिंग बिलातल्या माहितीच्या अचूकपणाची जबाबदारी निर्यातदारावर असते, सीएचएने भरले म्हणून ती सुटत नाही. दोन कागदांत दोन वर्णने असतील तर सीएचएचा मुलगा त्यातले एक निवडतो, घाईत निवडतो. त्यावरच ड्रॉबॅकचा दर लागतो आणि तेच वर्णन पुढे एअर वेबिलवर आणि मूळ देशाच्या दाखल्यावर जाते. एका सीएचएने मला सांगितले, “आम्ही चप्पल कधी बघतच नाही. आमच्यासाठी कागदावर आहे तीच चप्पल.”

नंतर दुरुस्ती करता येते का? येते, कलम १४९ खाली. पण माल गेल्यानंतर दुरुस्ती हवी असेल तर ती फक्त निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाच्या आधारावर मिळते. मागाहून तयार केलेले पत्र किंवा सुधारलेले इन्व्हॉइस चालत नाही. मला वाटते वहीचे सगळ्यात मोठे मोल इथे आहे. तारखेनिशी लिहिलेली वर्णने, नमुन्याचे फोटो, कारखान्याचे मूळ मराठी चलान आणि त्यावर त्याच दिवशी लिहिलेले कोड, हे सगळे खेप निघण्याआधीचे असते. म्हणून मराठी चलान फेकून देऊ नये. ते इन्व्हॉइसच्या फाइलीतच लावावे.

बँकेचे नियम कस्टम्सपेक्षा वेगळे आहेत आणि इथे अनुवादक गोंधळतो. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर मिळायचे असतील तर बँका आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या यूसीपी ६०० या नियमांवर चालतात. त्यातल्या अठराव्या कलमाप्रमाणे इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन लेटर ऑफ क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळायला हवे. इतर कागदांना सवलत आहे. पॅकिंग लिस्टवर सर्वसाधारण शब्द चालतात, फक्त ते विरोधात जाता कामा नयेत. या खेपेत परदेशी बँकेने लेटर ऑफ क्रेडिटमध्ये नुसते ‘लेदर सँडल्स कोल्हापुरी’ लिहिले होते. ते वाक्य वहीतल्या वर्णनापेक्षा वेगळे. मग काय करायचे? ताईंनी इन्व्हॉइसवर आधी लेटर ऑफ क्रेडिटची ओळ अक्षरशः उतरवली आणि तिच्याखाली तीन कोड आणि वहीतली तीन वर्णने दिली. बँकेला तिची ओळ मिळाली, कस्टम्सला त्यांची. पॅकिंग लिस्टवरही तीच वर्णने. वहीतली वर्णने लेटर ऑफ क्रेडिटच्या शब्दांना छेद देत नाहीत ना, एवढे आधी पाहावे लागते. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये ‘चामडी तळ’ असे लिहिले असते आणि खेपेत रबरी असती, तर ओळी खाली-वर ठेवून भागले नसते. माल निघण्याआधी लेटर ऑफ क्रेडिटच बदलून घ्यावे लागले असते.

स्पेलिंगची भीती मात्र विनाकारण मोठी केली जाते. अर्थ न बदलणारी अक्षरांची चूक बँकेच्या चालू पद्धतीत विसंगती धरत नाहीत. कोडातला आकडा उलटा पडला तर ती धरतात, कारण आकडा बदलला की वस्तू बदलली. म्हणून ताई शेवटच्या वाचनात शब्दांपेक्षा कोड आणि आकडे आधी वाचतात, तेही मोठ्याने. एकजण इन्व्हॉइस वाचतो, दुसरा पॅकिंग लिस्टवर बोट ठेवून ऐकतो. कोडवार बेरीज १२०, १४४, ९६. एकूण ३६० जोड, १५ खोकी, निव्वळ वजन २२०.८ किलो. तारखेत महिना अक्षरांनी, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि ५/११ चा अर्थ बदलतो.

या कामाला मर्यादा आहे आणि ती ताई स्पष्ट सांगतात. एचएस कोड कोणता, हे त्या ठरवत नाहीत. त्या वस्तू काय आहे ते नीट लिहितात, कोड निर्यातदार आणि सीएचए ठरवतात आणि परदेशातला शेवटचा शब्द तिथल्या कस्टम्सचा असतो. “मी कोड लिहिला तर वर्णनही कोडाला सोयीचं लिहावंसं वाटेल,” असे त्या म्हणाल्या. वर्णन आधी आणि कोड नंतर, हा क्रम उलटू नये, असा त्यांचा आग्रह आहे. अनुवादकाने वस्तूशी प्रामाणिक राहायचे, जकातीशी नव्हे, हे मला पटते. जकात कमी करायची असेल तर ती कारखान्यात तळ बदलून करता येते. कागदावर तळ बदलून ती करता येत नाही.

पुढच्या खेपेसाठी कारखान्यात आता नवा प्रकार चालू आहे. पट्टा पैठणीच्या कापडाचा, तळ चामड्याचा, बायकांसाठी. मामा त्यालाही ‘वेणी साधी’च म्हणतात, कारण साचा तोच आहे. जुन्या सवयीने तो LV-01 मध्ये गेला असता, पण वरच्या भागात कापडाचे क्षेत्रफळ चामड्यापेक्षा जास्त असल्याने तो ६४०३ मधून बाहेर पडून ६४०४.२० कडे जातो. ताईंनी जुन्या ओळीला हात लावला नाही. LV-03 नावाची नवी ओळ उघडली, तिच्यात पट्ट्यापुढे कापडाचा शब्द घातला, आणि मामांच्या भिंतीवरच्या पाटीवर तिन्ही LV कोडांखाली एकेक चप्पल टांगली, पालथी.